इंग्लिशमध्ये फ्युचर टेन्स नाहीच? आठवीच्या वहीवरून निघालेली शंका

रेवती_ऐरोली
मंडळी, एक शंका आहे, जरा सविस्तर लिहिते. मुलगी आठवीत आहे. तिच्या वहीत टेन्सचा तोच तक्ता आहे जो आपण सगळ्यांनी पाठ केलाय, तीन ओळी पास्ट प्रेझेंट फ्युचरच्या आणि चार रकाने सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस. एकूण बारा घरं. रविवारी भाचा जेवायला आला होता, तो भाषाशास्त्रात एमए करतोय. वही चाळता चाळता म्हणाला, मावशी ही शेवटची ओळ टेन्स नाहीच, इंग्लिशमध्ये टेन्स दोनच. आणि हे रकाने पण टेन्स नाहीत, ते अ‍ॅस्पेक्ट. एवढं बोलून तो गाडी पकडायला पळाला आणि तेव्हापासून मुलगी माझ्या मागे लागलीये की मग मी पाठ काय करू.
मला खरंच समजून घ्यायचंय. "इट विल रेन टुमॉरो" हे भविष्य नाही तर काय आहे? उद्याचंच बोलतोय ना आपण? आणि टेन्स आणि अ‍ॅस्पेक्टमध्ये फरक काय, दोन्ही वेळेशीच तर संबंधित आहेत.

खारेगावकर
भाचा बरोबर आहे आणि कारण एकदम सोपं आहे. टेन्स म्हणजे क्रियापदाचं स्वतःचं रूप बदललं पाहिजे. वॉक, वॉक्ड. तिसरं रूप दाखवा, नाहीये. विल हा वेगळा शब्द आहे, बाहेरून जोडलेला. मराठीत चालेल, बसेल असा प्रत्यय लागतो म्हणून मराठीत भविष्यकाळ आहे, इंग्लिशमध्ये नाही. अ‍ॅस्पेक्ट म्हणजे क्रिया पूर्ण झाली की चालू आहे ते. म्हणजे भूतकाळ असला की पूर्ण, वर्तमान असला की अपूर्ण.

वाशी_सेक्टर१७
चांगला विषय. माझा प्रश्न यातलाच आहे. मी शिपिंगमध्ये आहे, दिवसभर परदेशी क्लायंटना मेल. आय बरोबर शॅल लिहायचं की विल? शाळेत शिकवलेलं आय शॅल, वी शॅल. आणि माझा मॅनेजर माझ्या मेलमधलं एक वाक्य कायम दुरुस्त करतो, "व्हेन द व्हेसल विल अराइव्ह, वी विल इन्फॉर्म यू". पहिलं विल खोडतो. जहाज तर यायचंच आहे, मग फ्युचर का नको?

मंगल_पाचपाखाडी
रेवती, आधी तुझा दुसरा प्रश्न घेते कारण तो सुटला की पहिला सोपा होतो. खारेगावकर, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं नाही, तिथेच सगळे अडकतात.
परवाचीच गोष्ट सांगते. ठाण्याला दहा नंबरवर मी पनवेल गाडीत चढत होते आणि माझ्या पिशवीचा बंद एका मुलाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकला. आता "मी गाडीत चढत होते" आणि "मी गाडीत चढले" ही दोन वाक्यं बघा. दोन्ही परवाची. घड्याळात तेच मिनिट. काळ तसूभर बदललेला नाही, दोन्ही भूतकाळच. तरी पहिलं वाक्य ऐकलं की समोरचा विचारतो, मग चढलात का? दुसरं ऐकून कोणी विचारत नाही. कारण "चढत होते" म्हणताना मी क्रियेच्या आत उभी राहून बघतेय, एक पाय प्लॅटफॉर्मवर एक पाय डब्यात, शेवट दिसत नाहीये. "चढले" म्हणताना अख्खी क्रिया बाहेरून, एका तुकड्यात बघतेय. ही बघण्याची जागा म्हणजे अ‍ॅस्पेक्ट. टेन्स वेगळी गोष्ट सांगतो, मी बोलतेय त्या क्षणाच्या मागे की पुढे.
म्हणून "भूतकाळ म्हणजे पूर्ण" हे बरोबर नाही. चढत होते हा भूतकाळ आहे आणि अपूर्णही आहे. मराठीत हे दोन वेगवेगळ्या शब्दांवर बसलेलं दिसतं. चढत हे अ‍ॅस्पेक्ट सांगतं, होते हे टेन्स सांगतं. चढत आहे, चढत होते, चढत असेन. पहिला शब्द तोच, मागचा बदलतो.
रेवती, तुझ्या मुलीच्या तक्त्यात ओळी टेन्सच्या आहेत आणि रकाने अ‍ॅस्पेक्टचे. दोघांना गुणून बारा केले आणि बाराच्या बाराला टेन्स नाव दिलं, गोंधळ तिथून सुरू होतो.

रेवती_ऐरोली
ताई, "मग चढलात का" हे वाचून लख्ख कळलं! मुलीला वाचून दाखवलं, ती लगेच म्हणाली "मी अभ्यास करत होते" आणि "मी अभ्यास केला" तसंच ना. बरोब्बर तसंच म्हटलं. आता शेवटच्या ओळीचं सांगा.

सुधाकर_कोपरी
मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत इंग्लिश शिकवलं. मला काळजी वाटते ती अशी की हे वाचून मुलं परीक्षेत "फ्युचर टेन्स नाही" लिहून येतील आणि मार्क जातील. बारा घरांचा तक्ता मुलाला वाक्य बनवायला उपयोगी पडतो, मी हजारो मुलांना त्यावर उभं केलंय. शास्त्रज्ञांचा वाद वेगळा, शिकवण्याची सोय वेगळी. तक्ता टाकू नका.

मंगल_पाचपाखाडी
सर, तक्ता टाकायला मीही सांगणार नाही. परीक्षेत बाराच लिहायचे. पण मुलगी विचारतेय तर तिला खरं काय ते कळायला हवं, आठवी म्हणजे लहान नाही.
रेवती, तू असं कर. तक्त्याची शेवटची ओळ घे. विल गो, विल बी गोइंग, विल हॅव गॉन, विल हॅव बीन गोइंग. आता विल खोडून मे लिही. मे गो, मे बी गोइंग, मे हॅव गॉन, मे हॅव बीन गोइंग. चारही घरं जशीच्या तशी भरली. आता मस्ट लिही, परत भरली. मग विलच्या ओळीला फ्युचर टेन्स नाव आणि मेच्या ओळीला तक्त्यात जागाच नाही, असं का? विल वागायला हुबेहूब मे, कॅन, मस्ट यांच्यासारखा आहे. ही गोज म्हणतो पण ही विल्स म्हणत नाही, जसं ही कॅन्स म्हणत नाही. पुढे टु लागत नाही. प्रश्न करताना उडी मारून पुढे जातो, विल ही गो. नकार त्यालाच चिकटतो, वोन्ट, कान्ट. ही सगळी मोडल क्रियापदांची, म्हणजे शक्यता, परवानगी, सक्ती असं काही सांगणाऱ्या साहाय्यक क्रियापदांची लक्षणं. टेन्सचं घराणं वेगळं, मोडलचं वेगळं आणि विल मोडलच्या घराण्यातला.
यात नवीन काही नाही. क्वर्क मंडळींच्या १९८५ च्या व्याकरणात हेच आहे आणि हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज ग्रामरमध्ये तर अगदी सविस्तर मांडलंय की इंग्लिशमध्ये उद्याबद्दल बोलायच्या बऱ्याच तऱ्हा आहेत, पण फ्युचर टेन्स नावाचा प्रकार व्याकरणात नाही. म्हणजे कोणी असं म्हणत नाहीये की इंग्रजांना उद्याबद्दल बोलता येत नाही. "द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो" यात विल कुठेय? तरी उद्याचंच आहे.
आणि शब्द कुठून आला बघ. आपण म्हणतो ना, बाबांनी विल केलं, मृत्युपत्र. मृत्युपत्रातलं विल आणि "इट विल रेन" मधलं विल मुळात एकच, अर्थ इच्छा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये क्रियापदाला दोनच काळांची रूपं होती, उद्याचं सांगायचं तरी वर्तमानाचंच रूप. विल म्हणजे इच्छिणे आणि शॅल म्हणजे देणं लागणे, ही दोन साधी क्रियापदं हळूहळू या कामाला लागली. "द कार वोन्ट स्टार्ट" मध्ये ती जुनी इच्छा अजून दिसते, गाडी सुरूच व्हायला तयार नाही, आत्ता, या क्षणी. उद्याचा काही संबंध नाही.

खारेगावकर
म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना, वेगळा शब्द आहे म्हणून टेन्स नाही.

मंगल_पाचपाखाडी
नाही, वेगळा शब्द असणं हे कारण पुरत नाही. "येत होता" मधला होता वेगळाच शब्द आहे, तरी टेन्स दाखवतोच की. कारण हे आहे की तो शब्द कुठल्या गटात बसतो आणि कसा वागतो.

ओंकार_घोडबंदर
मी फ्रेंच शिकतोय, तिथली गंमत सांगतो. फ्रेंचमध्ये भविष्यकाळाचे चक्क प्रत्यय आहेत, शाँतरे म्हणजे मी गाईन. पण तो शेवटचा ए आहे ना, तो मूळचा "माझ्याकडे आहे" हा शब्द. लॅटिनमध्ये लोक कान्तारे हाबेओ म्हणायचे, गायचं आहे मला, आणि तो हाबेओ घासून घासून शेपूट झाला. म्हणजे काल जो बाहेरचा शब्द होता तो आज प्रत्यय आहे. मग विल त्याच रस्त्यावर अर्ध्यात आहे असं म्हणायला काय हरकत? आय विल चं आइल तर झालंच आहे. त्यामुळे "फ्युचर नाही" हे मला जरा टोकाचं वाटतं.
आणि वाशीवाल्या दादांच्या व्हेनबद्दल. फ्रेंचमध्ये कां, म्हणजे व्हेन, नंतर भविष्यकाळच लागतो, पण सी म्हणजे इफ नंतर वर्तमान. भविष्याचा पक्का प्रत्यय असूनसुद्धा. त्यामुळे "इफ इट रेन्स मध्ये विल येत नाही म्हणून विल टेन्स नाही" असं कोणी म्हणत असेल तर तो मुद्दा कच्चा आहे.

मंगल_पाचपाखाडी
ओंकार, दोन्ही मुद्दे छान आणले. इफचा पुरावा कच्चा आहे हे मान्य, मी तो मुद्दाम दिला नव्हता. रस्त्यावर अर्ध्यात असणंही खरंय, बऱ्याच भाषांत भविष्याची रूपं इच्छा, देणं किंवा जाणं या अर्थाच्या क्रियापदांतूनच आली आहेत. वाद एवढाच की अर्ध्या रस्त्यावरच्याला आज काय म्हणायचं.
वाशी_सेक्टर१७, तुमचं वाक्य आपण सगळे मराठीवरून उचलतो. "जहाज जेव्हा येईल तेव्हा कळवू", मराठीत जेव्हाच्या वाक्यात येईल लागतंच, म्हणून हात आपोआप विल लिहितो. इंग्लिशमध्ये व्हेनच्या वाक्यात तुम्ही जहाज येण्याचं भाकीत करत नाही, ते धरून चालता, भाकीत फक्त कळवण्याचं. म्हणून "व्हेन द व्हेसल अराइव्ह्ज". आणि शॅल सोडून द्या, मेलमध्ये सरसकट विल चालतं.

वाशी_सेक्टर१७
धन्यवाद ताई. "धरून चालतो" हे लक्षात राहील. आजच तीन मेल या पद्धतीने लिहिले.

नेरुळची_शलाका
पण मला एक पटत नाहीये. विल मध्ये अंदाज असतो, म्हणून तो मोडल, असंही कारण देतात ना? बेल वाजली की "दॅट विल बी द मिल्कमन". पण आपण मराठीत काय म्हणतो? "दूधवाला असेल." दूधवाला आत्ता दाराबाहेर उभा आहे, उद्या नाही! म्हणजे मराठीचा भविष्यकाळसुद्धा आत्ताच्या अंदाजाला वापरतो. मग त्याच न्यायाने मराठीतही भविष्यकाळ नाही म्हणायचं का? की इंग्लिशला एक नियम आणि आपल्याला एक?

मंगल_पाचपाखाडी
शलाका, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. अर्थावरून निकाल लावायला गेलं तर तू म्हणतेस तसं दोन्ही भाषा एका पारड्यात जातात. कारण उद्या कोणी बघितलेला नाही, उद्याबद्दल जे बोलू त्यात अंदाज, इच्छा, बेत असं काही ना काही मिसळणारच. म्हणून अर्थ बाजूला ठेवून रूप बघावं लागतं. त्यासाठी माझी एक घरगुती युक्ती आहे, मागे होता लावून बघायचं.
भूतकाळ दाखवणारा शब्द आपल्याकडे होता. एका क्रियापदाच्या गाडीला टेन्सचं इंजिन एकच लागतं. जे रूप स्वतः टेन्स आहे त्याच्या मागे होता लागणार नाही, दोन इंजिनं होतील. जे टेन्स नाही त्याच्या मागे आरामात लागेल.
येईल घे. येईल होता? तोंडातून येतच नाही. म्हणजे येईल हे स्वतः टेन्सच्या जागेवर बसलंय.
आता येणार घे. येणार आहे, येणार होता. दोन्ही बिनदिक्कत. म्हणजे येणार हा भविष्यकाळ नाहीच, जरी पुढचं सांगत असला तरी. तो म्हणतो क्रिया अजून पुढे उभी आहे, आणि कुठल्या क्षणापासून पुढे ते आहे किंवा होता सांगतो. "मी कालच येणार होते", पुढे बघणं आहे पण कालच्या खिडकीतून. ही अ‍ॅस्पेक्टच्या जवळची गोष्ट झाली, भाषाशास्त्रज्ञ कॉम्रीने १९७६ च्या पुस्तकात अशा रूपांना प्रॉस्पेक्टिव्ह म्हटलंय. इंग्लिशचं गोइंग टु अगदी असंच, इज गोइंग टु आणि वॉज गोइंग टु.
आता विलला हीच परीक्षा लाव. विलला भूतकाळ लागतो का? लागतो. वुड. वुड हे विलचंच भूतकाळी रूप. "ही सेड ही वुड कम." "द हाउस दॅट ही वुड लेटर बाय", ते घर जे तो पुढे घेणार होता. मराठी करताना हात आपोआप घेणार होता कडे गेला, घेईल कडे नाही. विल जर स्वतः फ्युचर टेन्स असता तर वुड म्हणजे भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच शब्दावर एकदम बसले असं म्हणावं लागेल. त्यापेक्षा विल हा वर्तमानातला मोडल आणि वुड हा त्याचा भूतकाळ, हे सरळ बसतं. कॅन कुड, विल वुड.
म्हणून शलाका, अर्थाने विल आणि येईल सख्खे वाटले तरी वागण्यात विल येणारच्या बाजूला बसतो.

खारेगावकर
हे होता लावायचं भारी आहे. पण मी घरी करून बघितलं आणि अडकलो. आला घ्या. "आला होता" आरामात होतं की! मग तुमच्या नियमाने आला हा भूतकाळ नाही असं होईल. "तो काल आला" हा भूतकाळ नाही तर काय?

मंगल_पाचपाखाडी
अगदी बरोबर जागी अडकलात, आणि इथे मी तुम्हाला पक्कं उत्तर देऊ शकत नाही, कारण जाणकारांतही एकमत नाही. काही म्हणतात मराठीचं ला हे मुळात पूर्णत्व दाखवतं, म्हणजे अ‍ॅस्पेक्ट, आणि नुसतं आलं की आपण ते भूतकाळ म्हणून ऐकतो. पुरावे आहेत. आला आहे, आला होता, आला असेल, तिन्ही चालतात. ला मुळात कृदन्तातून आलाय, म्हणून तर "मी भाकरी खाल्ली" मध्ये क्रियापद भाकरीकडे बघून स्त्रीलिंगी होतं. "उद्या पाऊस आला तर", उद्याबद्दल आला. आणि आतून हाक आली की आपण काय ओरडतो? "आले, आले!" अजून चप्पल पायात घातलेली नसते.
दुसरी बाजू अशी की तर नसेल आणि अशी हाकेची घाई नसेल तर "तो उद्या आला" कोणी म्हणणार नाही. भूतकाळ त्यात नसता तर म्हणता यायला हवं होतं.
दामल्यांच्या १९११ च्या मराठी व्याकरणात रूपांना प्रत्ययावरून नावं आहेत, ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात. करतो, केला, करील. मला ही पद्धत फार आवडते, कारण रूपाचं नाव वेगळं ठेवलं की ते रूप कुठला काळ दाखवतं हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो. आणि या ईलचा इतिहासही फिरलेला आहे. जुन्या मराठीत जाई, करी हा वर्तमानकाळ होता. आज "आजोबा रोज देवळात जाई" म्हटलं की तो जुन्या सवयीचा भूतकाळ झाला, आणि त्याच जाईला ल लागून जाईल हा भविष्यकाळ.

सुधाकर_कोपरी
आजोबा असतील तर "जाई" पेक्षा "जात" किंवा "जात असत" बरं. आदरार्थी आहे.

मंगल_पाचपाखाडी
सर, बरोबर. "तो रोज देवळात जाई" असं वाचावं.

सुधाकर_कोपरी
आणि एक कबूल करतो. वुडचा मुद्दा मी इतकी वर्षं रिपोर्टेड स्पीचमध्ये शिकवला, विल चं वुड करा, कॅन चं कुड करा, मे चं माइट करा. एकाच फळ्यावर एकाखाली एक लिहून. विल त्या रांगेत का बसतो हे कधी थांबून बघितलं नाही. तक्त्याबद्दल माझं मत तेच आहे, पण शेवटच्या ओळीखाली मेची ओळ काढून दाखवायला हरकत नाही असं आता वाटतं.

ओंकार_घोडबंदर
मी अजून पूर्ण पटलेलो नाही. "यू विल फॉल!" असं पोराला ओरडतो तेव्हा त्यात ना इच्छा ना बेत, नुसतं पुढचं. अशा वापराला साधं फ्युचर म्हणणारे अभ्यासकही आहेत. आणि मोडल असला म्हणून टेन्स असूच शकत नाही हे तरी कुणी ठरवलं?

मंगल_पाचपाखाडी
म्हणणारे आहेत, आणि वेडगळ नाहीत. त्याच केंब्रिज ग्रामरमध्ये परफेक्टला, म्हणजे तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याला, अ‍ॅस्पेक्टऐवजी टेन्समध्ये धरलंय, जे मला स्वतःला पूर्ण पटत नाही. तेव्हा पुस्तकात लिहिलंय म्हणून माना असं मी म्हणणार नाही. मेची ओळ आणि वुड, ही दोन कोडी तुझ्या बाजूने सोडवून दाखव, मी आनंदाने वाचेन.

रेवती_ऐरोली
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने आज वहीच्या मागच्या पानावर नवा तक्ता काढलाय. वर दोनच ओळी, पास्ट आणि प्रेझेंट. खाली एक दुहेरी रेघ मारून विल, मे, कॅन, मस्ट. परीक्षेसाठी पुढच्या पानावरचा जुना तसाच आहे. भाच्याला फोटो पाठवला, त्याचा लगेच फोन आला आणि दोघं अर्धा तास बोलत होती.
आता ती मराठीचा तक्ता काढायला बसलीये आणि "उद्या पाऊस आला तर" मधला आला कुठल्या घरात लिहू म्हणून मघाशी हाक मारत होती. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, आलेच. तर म्हणते, हा पण कुठे लिहू?